फोन मोजतो, पण आधी फोनला मोजा

स्टीलची फूटपट्टी बाकाच्या कडेवर एका हातानं दाबून धरायची, पुढचं मोकळं टोक खाली ओढून सोडायचं आणि येणारा 'डर्रर्र' आवाज ऐकायचा, हा उद्योग शाळेत न केलेला माणूस सापडणं कठीण. पट्टी जास्त बाहेर काढली की आवाज जाड होतो, आत घेतली की बारीक होतो. एका टोकाला घट्ट धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी कुठलीही पट्टी, दांडा किंवा तुळई म्हणजे कॅन्टिलिव्हर. घराची पुढे आलेली गॅलरी आणि पोहण्याच्या तलावावरची उडी मारायची फळी ही त्याचीच मोठी भावंडं. अशा पट्टीला एकदा हलवून सोडून दिलं की ती सेकंदाला किती वेळा वरखाली होईल हे तिचं तिनंच ठरवलेलं असतं. जोरात ओढा किंवा हळू, आकडा तोच राहतो. हीच तिची नैसर्गिक वारंवारता, आणि ती हर्ट्‌झमध्ये, म्हणजे दर सेकंदाच्या फेऱ्यांमध्ये, मोजतात.

ही वारंवारता मोजायला पूर्वी प्रयोगशाळेतलं महागडं यंत्र लागायचं. आता ते काम करणारा सेन्सर प्रत्येकाच्या खिशात आहे. फोन आडवा केला की पडद्यावरचं चित्र आडवं होतं, ते ज्याच्यामुळे होतं तो अ‍ॅक्सेलरोमीटर. त्यामुळे अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात हा प्रयोग हल्ली बऱ्याच ठिकाणी होतो: पट्टीच्या टोकाला फोन चिकटवा, पट्टी हलवा, वारंवारता वाचा, पुस्तकातल्या सूत्राशी ताडून पाहा. आणि बहुतेक वेळा दोन्ही आकडे जुळत नाहीत. मग प्रयोगवहीत 'उपकरणातील त्रुटी' असं लिहून पान उलटलं जातं. माझं म्हणणं असं की या प्रयोगात फोनचा सेन्सर हा सगळ्यात कमी दोषी असतो. फरक नेमका कुठून आला ते शोधून काढता येतं आणि तेही घरच्या साधनांनी. प्रयोगाची खरी गंमत त्या शोधात आहे.

आधी सूत्राकडे पाहू. वाकणाऱ्या तुळईचं गणित अठराव्या शतकात डॅनिएल बर्नुली आणि लिओनार्ड ऑयलर यांनी बसवलं, आणि आजही पूल-इमारतींचे अभियंते पहिल्या हिशोबाला तेच वापरतात. चौकोनी छेदाच्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या कॅन्टिलिव्हरसाठी त्याचं सार इतकंच निघतं:

f = 0.1615 × (h / L²) × √(E/ρ)

इथे `h` म्हणजे ज्या दिशेनं पट्टी वाकते त्या दिशेची जाडी आणि `L` म्हणजे पकडीबाहेरची मोकळी लांबी. `E` हा यंगचा गुणांक, म्हणजे धातू ताणायला किती कठीण आहे याचं माप, आणि `ρ` म्हणजे घनता. या सूत्रात पट्टीची रुंदी कुठेच नाही. पट्टी दुप्पट रुंद केली तर ती दुप्पट ताठ होते, पण दुप्पट जडही होते, आणि हिशोब बरोबरीत सुटतो. दुसरी मजा धातूची. पोलादाचा `E` सुमारे २०० गिगापास्कल आणि घनता ७८५० किलो प्रति घनमीटर. अ‍ॅल्युमिनियमचे आकडे सुमारे ६९ आणि २७००. म्हणजे अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ तिपटीनं लवचीक आहे आणि तितकंच हलकंही आहे. √(E/ρ) काढलं तर दोन्हीकडे साधारण ५०५० मीटर प्रति सेकंद येतं. तेव्हा एकाच मापाची लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमची नुसती पट्टी जवळपास एकाच वारंवारतेनं थरथरते. टोकाला काही वजन बांधलं की मात्र हे साम्य मोडतं, आणि आपण तर फोन बांधणार आहोत.

प्रयोगाचा पहिला खड्डा इथेच आहे. शाळेतली फूटपट्टी समोर आहे म्हणून तीच घेतली, २५ सेंटिमीटर बाहेर काढली आणि टोकाला फोन चिकटवला, असं समजा. पट्टी २५ मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर जाड धरली तर नुसत्या पट्टीची वारंवारता सूत्रानं १३ हर्ट्‌झ येते. पण एवढ्या पट्टीचं वजन भरतं जेमतेम ५० ग्रॅम आणि कव्हरसकट फोनचं २०० ग्रॅम. बिचारी पट्टी फोनच्या भारानं अडीच सेंटिमीटर खाली झुकते आणि थरथरते सेकंदाला तीन वेळा. कुठे १३ आणि कुठे तीन! इथे सेन्सरनं काही चुकवलेलं नाही. आपण पट्टी मोजायला गेलो आणि पट्टीला लटकलेला फोन मोजून आलो, इतकंच.

म्हणून पट्टी दणकट हवी. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ग्रिल-गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडे एमएसची पट्टी मिळते. तिला ते 'फ्लॅट' म्हणतात आणि किलोवर विकतात. २५ बाय ५ मिलिमीटरचा मीटरभर तुकडा पुरतो. तो बेंच-वाईसमध्ये घट्ट आवळून ६० सेंटिमीटर बाहेर ठेवायचा. वाईस नसेल तर जड टेबलाच्या कडेला दोन सी-क्लॅम्प लावून भागतं. फोन पट्टीवर आडवा ठेवायचा, पट्टीला काटकोनात, आणि त्याचा मध्य नेमका पट्टीच्या टोकावर येऊ द्यायचा. फोन पट्टीच्या लांबीच्या दिशेनं चिकटवला तर शेवटचे १५ सेंटिमीटर फोन आणि पट्टी मिळून एक जाड तुकडा होतो, तिथे पट्टी वाकतच नाही, आणि हिशोब बिघडतो. चिकटवायला पातळ दुहेरी टेप आणि वरून दोन रबरबँड. फोमची जाड टेप टाळा. ती स्वतःच स्प्रिंगसारखी वागते आणि फोन हलका खडखडतो.

फोनच्या आत काय घडतं तेही बघण्यासारखं आहे. अ‍ॅक्सेलरोमीटर ही काही मिलिमीटरची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचा एक सूक्ष्म ठोकळा केसाहून बारीक सिलिकॉनच्या पट्ट्यांवर तरंगत ठेवलेला असतो. फोनला धक्का बसला की ठोकळा किंचित मागे राहतो, त्याच्या कडेचे दाते शेजारच्या स्थिर दात्यांपासून दूर-जवळ होतात आणि त्यांच्यातली विद्युतधारकता बदलते. चिप तोच बदल त्वरण म्हणून कळवते. म्हणजे आपण पट्टीचा कंप मोजतो तो आणखी बारीक पट्ट्यांच्या वाकण्यावरूनच. त्यांची स्वतःची वारंवारता हजारो हर्ट्‌झमध्ये असते, त्यामुळे आपल्या सात-आठ हर्ट्‌झचा त्यांच्यावर काहीच ताण पडत नाही.

आकडे वाचायला जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं `phyphox` हे फुकट अ‍ॅप सोयीचं आहे. त्यात गुरुत्वाकर्षण वगळून त्वरण दाखवणारा एक प्रयोग आहे आणि थेट वारंवारता-आलेख काढणारा दुसरा. पट्टी आडवी धरून वरखाली हलवणार असाल तर `z` ही दिशा बघायची, म्हणजे पडद्याला काटकोनातली. गुरुत्वाकर्षणामुळे पट्टी थोडी झुकते, पण तिच्या वारंवारतेवर त्याचा परिणाम होत नाही. झुकलेल्या जागेभोवती ती तशीच हलते.

आता पट्टी किती ओढून सोडायची? इथे बहुतेक जण जास्तच उत्साह दाखवतात. सात हर्ट्‌झला टोक मध्यापासून एक सेंटिमीटर वर-खाली होत असेल तर त्वरण जातं साधारण १९ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ दुप्पट. नुसता ठेवलेला फोन तर पाच मिलिमीटरच्या हालचालीलाच पट्टी सोडून उडेल, कारण त्या क्षणी पट्टी फोनच्या पडण्यापेक्षा जास्त वेगानं खाली पळत असते. दोन-तीन मिलिमीटर पुष्कळ झाले. बोटानं हलकेच दाबायचं आणि बोट बाजूला सरकवायचं, पट्टीला टपली मारायची नाही. आलेखातल्या लाटांची डोकी गोल न राहता सपाट छाटल्यासारखी दिसली तर सेन्सरची कमाल मर्यादा ओलांडली गेली असं समजायचं. जाता जाता एक व्यावहारिक सल्ला: प्रयोगाला जुना फोन घ्या. मोटरसायकलच्या इंजिनासारख्या मोठ्या, दीर्घकाळच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलनं २०२१ साली स्वतःच दिला होता. आपला प्रयोग काही सेकंदांचा आणि सौम्य आहे, पण आठवड्यापूर्वी हप्त्यावर घेतलेला फोन पट्टीवर चढवायचं काही कारण नाही.

सोडल्यावर पहिला सेकंदभराचा भाग टाकून द्यायचा, कारण बोट सुटतानाचा झटका त्यात असतो. पुढच्या आलेखात हळूहळू विरत जाणाऱ्या सुंदर लाटा दिसतात. पन्नास शिखरं मोजा आणि त्यांना लागलेल्या वेळानं भागा. वारंवारता-आलेखातून वाचलं तर एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. दहा सेकंदांची नोंद असेल तर तो आलेख ०.१ हर्ट्‌झपेक्षा बारीक फरक दाखवू शकत नाही, पाच सेकंदांची असेल तर ०.२. शिखरं मोजण्याची जुनी रीत त्याहून अचूक पडते आणि त्या निमित्तानं लाटाही डोळ्यांखालून जातात. फोनमधलं घड्याळ चांगलं असतं. या पद्धतीनं येणारी चूक एका टक्क्याच्याही आत राहते.

आता हिशोब करू. फोन आणि टेप मिळून बरोबर २०० ग्रॅम आहे असं धरा. टोकाला वजन असलेल्या पट्टीसाठी लॉर्ड रॅले यांची युक्ती उपयोगी पडते. त्यांचा 'थिअरी ऑफ साउंड' हा ग्रंथ १८७७ साली आला. पट्टीचं सगळं वजन सारखं हलत नाही. पकडीजवळचा भाग जवळजवळ स्थिर असतो आणि टोक सगळ्यात जास्त हलतं. ऊर्जेचा हिशोब केला तर पट्टीच्या वजनाचा फक्त ३३/१४० भाग, म्हणजे सुमारे ०.२३६ पट, टोकाशी आहे असं मानून चालतं. मग सगळी भानगड एका स्प्रिंगला टांगलेल्या वजनाइतकी सोपी होते:

f = (1/2π) × √( k / (M + 0.236 m) )

k = E b h³ / (4 L³)

`M` फोनचं वजन, `m` मोकळ्या पट्टीचं वजन, `b` रुंदी आणि `k` म्हणजे टोकाचा ताठरपणा: टोक एक मीटर खाली न्यायला किती न्यूटन बळ लागेल ते. आपल्या पट्टीसाठी `k` येतो ७२३. मोकळ्या ६० सेंटिमीटरचं वजन ५८९ ग्रॅम, त्यातले हिशोबात धरायचे १३९ ग्रॅम. वारंवारता निघते ७.३५ हर्ट्‌झ. फोन नसता तर वरच्या पहिल्या सूत्रानं ती ११.३ आली असती. दणकट पट्टी घेऊनही फोननं एक तृतीयांशाहून जास्त वारंवारता खाल्ली!

समजा, प्रत्यक्षात फोननं ६.८६ हर्ट्‌झ दाखवले. फरक जवळजवळ सात टक्क्यांचा. सेन्सरची चूक एका टक्क्याच्या आत असते हे आपण पाहिलं, तेव्हा बाकीचे सहा टक्के दुसरीकडे कुठेतरी दडलेले असणार.

पहिला संशयित जाडी. दुकानदार पट्टीला 'पाच एमएम' म्हणतो, पण गरम लाटून काढलेल्या पट्टीची जाडी नेमकी पाच असेलच असं नाही. आणि ताठरपणाच्या सूत्रात जाडी तिसऱ्या घातात बसलेली आहे, म्हणजे तिथली छोटी चूक मोठी होऊन बाहेर येते. व्हर्नियर कॅलिपर असेल तर पाच-सहा ठिकाणी मोजा. पण पृष्ठभागावर गंज आणि काळी खपली असते, त्यामुळे एका ठिकाणचं माप फसवू शकतं. याहून चांगली युक्ती आहे ती पट्टी तोलण्याची. मीटरभर २५ बाय ५ ची पट्टी ९८१ ग्रॅम भरायला हवी. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ती ९४२ भरली तर रुंदी बरोबर असल्याची खात्री करून घ्या आणि मग सरासरी जाडी ४.८ मिलिमीटर धरा. माल किलोवर घेतला असल्यामुळे यात तुमचं पैशाचं नुकसान काही नाही.

जाडी ४.८ घालून हिशोब पुन्हा केला की `k` ७२३ वरून ६४० वर येतो आणि वारंवारता ७.३५ वरून ६.९७ वर. दोन दशांश मिलिमीटरनं पाच टक्के खाल्ले. मोजलेला आकडा ६.८६ होता, म्हणजे आता फरक उरला दीड-पावणेदोन टक्क्यांचा.

दुसरा संशयित पकड. सूत्र असं गृहीत धरतं की पकडीत पट्टी तसूभरही वाकत नाही, जणू डोंगराच्या कातळात गाडलेली आहे. प्रत्यक्षात वाईसच्या जबड्याच्या कडेशी धातू थोडा दबतो, पट्टी आतपर्यंत किंचित वाकते, टेबलाची फळीही थोडी डोलते. परिणाम असा की पट्टी जणू काही मिलिमीटर जास्त लांब असल्यासारखी वागते. आपल्या उदाहरणात मोकळी लांबी ६० ऐवजी ६०.६ सेंटिमीटर मानली की उरलेला फरक बरोबर भरून निघतो. पण 'भरून निघतो' एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. मनाजोगता आकडा घालून कुठलाही फरक भरून काढता येतो.

खरी परीक्षा लांबी बदलून होते. जाडीच्या चुकीचा परिणाम प्रत्येक लांबीला जवळपास सारख्याच टक्क्यांचा असतो: ६० सेंटिमीटरला पाच टक्के, ४० ला पण पाचच्या आसपास. पकडीच्या सैलपणाचं मात्र तसं नाही. ते सहा मिलिमीटर ६० सेंटिमीटरच्या पट्टीला एक टक्का असतात, ३० च्या पट्टीला दोन टक्के. म्हणून पट्टी आत घेत घेत मोजत जा. ४.८ मिलिमीटर धरून काढलेल्या आकड्यापेक्षा मोजलेला आकडा ६० सेंटिमीटरला १.७ टक्क्यांनी कमी आणि ३० ला ३.२ टक्क्यांनी कमी आला तर दोषी पकडच आहे. टक्केवारी जागची हलली नाही तर पकडीला निर्दोष सोडा आणि जाडी किंवा धातूचा गुणांक पुन्हा तपासा. पोलादाचा `E` २०० ऐवजी २१० धरला तर वारंवारता अडीच टक्क्यांनी वर जाते, आणि असं झाल्यास ती प्रत्येक लांबीला तितकीच वर जाते.

टेबल डोलतंय का हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे आणखी एक फोन पकडीच्या शेजारी ठेवणं. त्याच्या आलेखातही तोच ६.८६ चा सुळका दिसला तर टेबल पट्टीच्या नाचात सामील आहे. भिंतीला टेकवलेलं जड टेबल आणि चांगला आवळलेला वाईस असेल तर तो सुळका बराच लहान राहतो. प्लायवूडच्या अभ्यासाच्या टेबलावर तो हमखास दिसतो.

कंप किती लवकर विरतो यामुळे वारंवारता बदलत असेल का, ही शंका विद्यार्थी हटकून काढतात आणि कधी कधी सगळा दोष तिच्यावरच टाकतात. तेही तपासता येतं. लाटांची उंची निम्मी व्हायला वीस फेऱ्या लागत असतील तर अवमंदनाचं गुणोत्तर साधारण ०.००५५ निघतं. त्यानं वारंवारतेत पडणारा फरक लाखात दीड भाग! ही शंका मनातून काढून टाका. हवेचा विरोध, टेपची घसट वगैरे कारणांनी पट्टी लवकर थांबेल, पण थांबेपर्यंत सूर तोच ठेवेल.

उरतो फोन. तो पट्टीवर असेपर्यंत नुसत्या पट्टीची वारंवारता आपल्याला मोजता येणार नाही, आणि तो काढला तर मोजणार कशानं? या पेचातून सुटायचा मार्ग मला सगळ्यात आवडतो: वजन कमी करता येत नसेल तर वाढवा. वाण्याकडची शंभर ग्रॅमची दोन वजनं घ्या. आधी फक्त फोन, मग पट्टीच्या खालून फोनच्या बरोबर मध्याखाली एक वजन बांधून, मग दोन्ही बांधून मोजा. वरचं सूत्र उलटवलं तर असं होतं:

1/f² = (4π²/k) × (M + 0.236 m)

म्हणजे आलेखकागदावर आडव्या अक्षावर टोकाचं एकूण वजन आणि उभ्या अक्षावर `1/f²` घेतलं की बिंदू सरळ रेषेत पडायला हवेत. समजा आकडे आले २०० ग्रॅमला ६.८६, ३०० ला ६.०२ आणि ४०० ला ५.४३. त्यांचे `1/f²` होतात ०.०२१२, ०.०२७६ आणि ०.०३३९. दर शंभर ग्रॅमला ०.००६३ ची पायरी, सरळ रेष. आता पट्टी लावून ती रेष मागे, शून्य ग्रॅमपर्यंत न्या. ती उभ्या अक्षाला साधारण ०.००८६ वर छेदते. त्यावरून `f` येतो १०.८ हर्ट्‌झ. फोन पट्टीवर कायम होता आणि तरी आपण फोन नसलेल्या पट्टीची वारंवारता काढली. ४.८ मिलिमीटर जाडीच्या नुसत्या पट्टीला पुस्तकातलं सूत्र १०.९ सांगतं.

या रेषेच्या चढातून आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे पट्टीचा खरा ताठरपणा, पकडीच्या सैलपणासकट. इथे तो ६२३ न्यूटन प्रति मीटर निघतो. त्याची पडताळणी कंपनाशिवाय करता येते. फोन काढून टोकाला एक किलोचं वजन अलगद टांगा आणि टोक किती खाली गेलं ते मोजा. ६२३ च्या हिशोबानं ते १५.७ मिलिमीटर जायला हवं. छापील पाच मिलिमीटर जाडी खरी असती आणि पकड आदर्श असती तर ते १३.६ गेलं असतं. दोन मिलिमीटरचा फरक, शाळेच्या पट्टीवर उघड्या डोळ्यांनी दिसणारा. एकीकडे हलती पट्टी आणि दुसरीकडे स्थिर पट्टी, दोघी वेगवेगळ्या वाटेनं एकच ताठरपणा सांगत असतील तर हिशोबावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. रेष शून्यापर्यंत मागे नेताना मोजमापातली बारीक चूक वाढत जाते. ६.८६ च्या जागी ६.८१ वाचलं तर चढ फारसा बदलणार नाही, पण छेदबिंदू बराच सरकेल आणि १०.८ चा आकडा काही टक्क्यांनी हलेल. म्हणून प्रत्येक वजनाला निदान तीनदा मोजावं आणि आकडे एकमेकांपासून ०.०३ हर्ट्‌झच्या आत येईपर्यंत पुढे जाऊ नये. रेषेला मध्येच बाक दिसला तर वजन सैल बांधलेलं आहे किंवा टोकाच्या मध्यावर नाही, असं बहुतेक वेळा निघतं. जागेचा परिणाम वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. ६० सेंटिमीटरच्या पट्टीवर वजन टोकापासून फक्त चार सेंटिमीटर आत सरकलं तर त्याचे १०० ग्रॅम टोकावरच्या ८१ ग्रॅमइतकेच मोजले जातात.

सेन्सर स्वतः खोटं बोलतो अशी एकच जागा मला माहीत आहे, आणि ती आपल्या सात हर्ट्‌झपासून लांब आहे. अनेक फोन त्वरणाची नोंद सेकंदाला सुमारे शंभर वेळाच घेतात. शंभर नोंदींत ५० हर्ट्‌झपर्यंतचा कंप नीट पकडता येतो. ६० हर्ट्‌झचा कंप असेल तर तो बेमालूम ४० हर्ट्‌झवर येऊन बसतो. पट्टीला टपली मारून सोडलं की तिचा दुसरा सूरही जागा होतो. त्यात पट्टी इंग्रजी 'एस'सारखी वळते. नुसत्या पट्टीत हा सूर पहिल्याच्या ६.२७ पट असतो. फोन लावलेल्या पट्टीत तो थोडा खाली उतरतो, तरी पन्नासच्या आसपास घोटाळतोच. तेव्हा वारंवारता-आलेखात चाळीस-पन्नासच्या पट्ट्यात सुळका दिसला तर त्याला दुसरा सूर म्हणण्याची घाई करू नका. सेकंदाला जास्त नोंदी घेणाऱ्या दुसऱ्या फोननं तोच प्रयोग करा. खरा सुळका जागीच राहतो, खोटा सरकतो. दुसऱ्या फोनचं वजन वेगळं असेल तर ते आधी टेपच्या तुकड्यांनी किंवा नाण्यांनी सारखं करून घ्या, नाहीतर खराही सरकेल.

प्रयोगवहीत शेवटी 'उपकरणातील त्रुटी' लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या मास्तरांनी तीन आकडे वहीत आधीच लिहिलेले असावेत, अशी माझी विनंती आहे: तोलून काढलेली पट्टीची जाडी, टेपसकट फोनचं वजन आणि किलोभर वजनाला टोक किती झुकलं ते. हे तिन्ही असले तर मोजलेली आणि सूत्रातून आलेली वारंवारता दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळते, आणि उरलेला फरक बहुतेक पकडीचा असतो.